चार्जर बरोबर, बॅटरीही बरोबर. मग वीज मुरते कुठे?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर काम करणाऱ्या आशा सेविकेचा फोन गेले तीन महिने दुपारी दोनच्या आत मान टाकत होता. गरोदर मातांच्या नोंदी, लसीकरणाच्या याद्या, आरोग्य केंद्राचे निरोप हे सगळे त्याच फोनवर. वाडीत सकाळी वीज जाते, म्हणून पहाटे जेमतेम दोन तास चार्जिंगला मिळतात. पूर्वी तेवढ्या वेळात बॅटरी जवळपास भरायची, आता दहा टक्क्यांवरून पन्नासच्या वर जाईना. तालुक्याच्या दुकानदाराने फोन हातात घेऊन निदान केले: बॅटरी गेली, अठराशे रुपये लागतील.

त्या रविवारी तिचा भाचा घरी आला होता. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा मुलगा. त्याच्या पिशवीत काडेपेटीएवढा एक मीटर होता. "मावशी, अठराशे रुपये घालवायच्या आधी दहा मिनिटं दे मला," तो म्हणाला. आणि बॅटरीला हात न लावता त्याने दोष शोधून दाखवला.

हा मीटर म्हणजे यूएसबी पॉवर मीटर. साधे मीटर काही शे रुपयांत मिळतात. एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाला सॉकेट आणि मध्ये छोटा पडदा. चार्जरमध्ये मीटर खोचायचा आणि मीटरमध्ये केबल. चार्जरमधून निघालेली वीज मीटरमधून पुढे जाते आणि जाता जाता आपला हिशेब पडद्यावर मांडते. V म्हणजे व्होल्ट, विजेचा दाब. A म्हणजे अ‍ॅम्पिअर, विजेचा प्रवाह. दोन्हींचा गुणाकार W म्हणजे वॅट, दर क्षणी जाणारी शक्ती. फोन लवकर भरतो की रडतखडत, हे शेवटी या वॅटवर ठरते.

पहिला आकडा: ५ की ९?

मावशीच्या चार्जरवर बारीक अक्षरांत Output: 5V 3A, 9V 2A असे छापले होते. चार्जर दोन दाबांवर वीज देऊ शकतो, असा त्याचा अर्थ. पण कोणता दाब द्यायचा, हे चार्जर स्वतः ठरवत नाही. तो सुरुवात नेहमी ५ व्होल्टने करतो. जोडलेला फोन जलद चार्जिंगचा असेल तर केबलमधूनच चार्जरला खुणावतो, की मला ९ व्होल्ट चालतील. चार्जरला ती खूण कळली आणि जमणारी असली तरच तो दाब वाढवतो. त्यामुळे साधा जुना फोन याच चार्जरला लावला तरी जळत नाही. तो मागणीच करत नाही, म्हणून त्याला ५ व्होल्टच मिळतात. आणि ९ व्होल्ट आले तरी ते थेट बॅटरीत शिरत नाहीत. फोनमधली चार्जिंगची चिप ते उतरवून बॅटरीला सोसेल एवढ्या, म्हणजे साधारण साडेचार व्होल्टच्या आत आणते.

ही खूण कुठून जाते, हे केबलवर अवलंबून असते. मावशीच्या चार्जरला जुना चपटा सॉकेट होता, ज्याला टाइप-ए म्हणतात. अशा केबलमध्ये विजेच्या दोन तारा आणि माहितीच्या दोन तारा असतात. माहितीच्या तारांची नावे डी प्लस आणि डी मायनस. क्विक चार्ज पद्धतीत फोन या दोन तारांवर ठरावीक बारीक दाब लावून मागणी करतो: डी प्लसवर ३.३ व्होल्ट आणि डी मायनसवर ०.६ व्होल्ट ठेवले, तर त्याचा अर्थ ‘९ व्होल्ट दे’. बऱ्याच मीटरांवर D+ आणि D- हे आकडेही दिसतात, त्यामुळे हे संभाषण चक्क डोळ्यांनी वाचता येते.

भाच्याने फोनची बॅटरी वीस टक्क्यांवर असताना मोजणी सुरू केली. ही वेळ महत्त्वाची. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की फोन स्वतःच प्रवाह कमी करत जातो. तेव्हा मोजले तर उत्तम केबलही दोषी वाटेल. स्क्रीन बंद ठेवली, मिनिटभर आकडे स्थिर होऊ दिले. पडद्यावर आले ५.१२ व्होल्ट आणि १.०५ अ‍ॅम्पिअर. म्हणजे ५.४ वॅट. चार्जरची ताकद १८ वॅटची आणि बाहेर पडत होते त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. D+ आणि D- वर काहीच हालचाल नव्हती. फोन ९ व्होल्ट मागत असेलही, पण त्याचा निरोप चार्जरपर्यंत पोचतच नव्हता.

"ही केबल कुठली गं?" त्याने विचारले.

"आठवडी बाजारातली. जुनी उंदरानं कुरतडली, म्हणून घेतली. चांगली दोन मीटर आहे, खाटेपर्यंत येते."

स्वस्त केबलींमध्ये पुष्कळदा माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. फक्त विजेच्या दोन तारा, बाकी रबर. ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे तीच केबल संगणकाला लावून फोनमधले फोटो दिसतात का, ते पाहायचे. फोनमध्ये फाइल पाठवण्याचा पर्याय निवडूनही संगणकाला फोन दिसला नाही, तर केबलमध्ये बोलायची तारच नाही असे समजायला हरकत नाही.

दुसरे टोक मोजल्याशिवाय केबल कळत नाही

मात्र एवढ्याने हिशेब पुरा होत नव्हता. निरोप पोचला नाही म्हणून दाब ५ व्होल्टवर राहिला, हे समजले. पण ५ व्होल्टवरही चार्जर ३ अ‍ॅम्पिअर द्यायला तयार होता. फोन १.०५ वरच का थांबला?

येथे बरेच जण चुकतात. चार्जरजवळ लावलेला मीटर चार्जर काय देतो, तेवढेच सांगतो. फोनच्या तोंडाशी काय पोचते, हे त्याला ठाऊक नसते. केबलमधली गळती पाहायची तर मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, फोनच्या लगत लावून पुन्हा वाचावे लागते. भाच्याच्या मीटरला चपटा आणि टाइप-सी असे दोन्ही प्लग-सॉकेट होते, म्हणून त्याचे काम एकाच मीटरवर भागले. केबल मीटरच्या टाइप-सी सॉकेटमध्ये आणि मीटरचा टाइप-सी प्लग फोनमध्ये. त्याने प्रवाह पुन्हा १.०५ अ‍ॅम्पिअरवर स्थिरावेपर्यंत वाट पाहिली, कारण दोन टोकांची तुलना सारख्याच प्रवाहावर व्हायला हवी. या वेळी दाब दिसला ४.४८ व्होल्ट.

निघताना ५.१२, पोचताना ४.४८. वाटेत ०.६४ व्होल्ट मुरले. त्याला प्रवाहाने भागले की केबलचा रोध मिळतो: ०.६४ भागिले १.०५, म्हणजे सुमारे ०.६१ ओहम. टाइप-सी केबलच्या मानकानुसार ३ अ‍ॅम्पिअर प्रवाहावर जाणाऱ्या तारेत जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट आणि परतीच्या तारेत पाव व्होल्ट घटलेला चालतो. दोन्ही मिळून पाऊण व्होल्ट, म्हणजे ०.२५ ओहम. मावशीच्या केबलचा रोध या मर्यादेच्या जवळजवळ अडीचपट होता.

शेताला पाणी देणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मोटर तीच, पण पाइप बारीक आणि लांब घातला की शेवटच्या सरीला धार पोचत नाही. तारेचेही तसेच आहे. तांबे जितके बारीक आणि तार जितकी लांब, तितका रोध जास्त. शिवाय वीज जाते तितकीच परतही येते, म्हणून दोन मीटरच्या केबलमध्ये ती चार मीटर तांब्यातून फिरते. त्यामुळे लांबी दुप्पट केली की रोधही दुप्पट होतो. बाहेरून जाड दिसणाऱ्या केबलमध्ये रबर जाड आणि तांबे केसासारखे, असेही असते. हाताला ते कळत नाही, मीटरला कळते.

वाटेत वाया गेलेली शक्ती किती? ०.६४ गुणिले १.०५, म्हणजे ०.६७ वॅट. निघालेल्या ५.४ वॅटचा आठवा हिस्सा केबल तापवण्यात गेला. पण खरे नुकसान याहून मोठे आहे आणि ते वेगळ्या जागी झाले. फोनमधली चिप प्रवाह एकदम ओढत नाही. ती पायरीपायरीने वाढवते आणि आपल्या तोंडाशी दाब किती उरला, याकडे लक्ष ठेवते. दाब साडेचार व्होल्टच्या आसपास घसरला की तिला वाटते, समोरचा चार्जर दमला. आणि ती तिथेच थांबते. मावशीचा फोन १.०५ वर अडला, तो याच कारणाने. चार्जर दमला नव्हता, केबलने दाब वाटेतच खाल्ला होता. फोनला अखेर मिळत होते ४.७ वॅट.

तोच चार्जर, तोच फोन, दुसरी केबल

भाच्याने आपल्या पिशवीतली एक मीटर लांबीची, चारही तारा असलेली केबल काढली. चार्जर तोच, फोन तोच, बॅटरी अजून पंचवीस टक्क्यांच्या आत. पहिले एकदोन सेकंद पडदा ५ व्होल्टवर राहिला, मग D+ वर ३.३ आणि D- वर ०.६ उमटले आणि दाब उडी मारून ९.०६ व्होल्टवर गेला. प्रवाह १.७८ अ‍ॅम्पिअर. चार्जरमधून निघत होते १६.१ वॅट. फोनच्या टोकाला ८.८४ व्होल्ट भरले. घट ०.२२ व्होल्ट, रोध ०.१२ ओहम आणि वाटेतली गळती ०.४ वॅटच्याही आत, म्हणजे शंभरातले अडीच. फोनला मिळाले १५.७ वॅट. आधीच्या तिपटीहून जास्त.

जलद चार्जिंगमध्ये दाब का वाढवतात, हेही या आकड्यांतून उलगडते. केबलमधली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट झाला तर गळती चौपट. तेच वॅट जास्त दाबाने पाठवले तर प्रवाह कमी लागतो. मावशीच्या जुन्या केबलमधून ५.४ वॅट ९ व्होल्टने पाठवता आले असते, तर ०.६ अ‍ॅम्पिअर पुरले असते आणि गळती ०.६७ ऐवजी ०.२२ वॅट झाली असती. केबल तीच, नुकसान एक तृतीयांश. मोठ्या अंतरावरची वीज उच्च दाबाच्या तारांतून नेतात, त्यामागेही हेच गणित आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीने नवी केबल लावली. दोन तासांत फोन भरत आला. बॅटरीचे अठराशे रुपये वाचले, केबलला अडीचशे गेले.

वाचताना फसवणारे आकडे

मीटरवर mAh असाही एक आकडा साठत जातो आणि तो पाहून अनेक जण घाबरतात. फोनची बॅटरी ५००० mAh ची आणि मीटर जेमतेम २३०० दाखवतो, मग बॅटरी निम्मी मेली का? तसे नाही. बॅटरीवर छापलेला आकडा सुमारे ३.८५ व्होल्टवरचा असतो, मीटरचा आकडा ९ व्होल्टवरचा. दाब वेगळा असताना नुसता mAh ताडून पाहणे म्हणजे लिटर आणि किलो एकमेकांत मिसळणे. तुलना करायची तर Wh, म्हणजे वॅट-तास पाहावेत. ५००० mAh च्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. ती दहा टक्क्यांवरून पूर्ण भरायला १७ लागतात आणि मीटरवर २० ते २१ दिसतात. मधला फरक फोनमधल्या उष्णतेत आणि चार्जिंग चालू असताना फोनने स्वतःसाठी वापरलेल्या विजेत जातो.

दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलींची भाषा वेगळी आहे. तिथे पॉवर डिलिव्हरी नावाची पद्धत चालते. मागणी डी प्लस-डी मायनसवर न होता सीसी नावाच्या स्वतंत्र तारेवर होते आणि चार्जर आपल्याकडचे ५, ९, १५, २० व्होल्ट असे पर्याय आधी वाचून दाखवतो. अशा चार्जरला नुसता मीटर लावला तर पडदा काळाच राहू शकतो. मीटर बिघडला असे समजू नये. पलीकडे उपकरण जोडल्याशिवाय टाइप-सी चार्जर वीजच सोडत नाही. काही फोनवर दाब ८.४६, ८.५२ असा सतत सरकताना दिसतो. तेही बरोबरच आहे. पीपीएस नावाच्या प्रकारात फोन वीस मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी, म्हणजे ०.०२ व्होल्टच्या फरकाने दाब मागून घेतो, म्हणजे फोनमधली चिप कमी तापते.

लॅपटॉपच्या चार्जरवर एक आकडा हमखास कोड्यात टाकतो. चार्जर १०० वॅटचा, म्हणजे २० व्होल्ट आणि ५ अ‍ॅम्पिअरचा. पण मीटरवर प्रवाह काही केल्या ३ अ‍ॅम्पिअरच्या वर जात नाही. ३ अ‍ॅम्पिअरहून जास्त वाहून नेणाऱ्या टाइप-सी केबलच्या प्लगमध्ये आपली क्षमता सांगणारी एक छोटी चिप असावी लागते. चार्जर आधी केबललाच विचारतो. उत्तर आले नाही तर तो ६० वॅटच्या पुढे जात नाही. ही अडवणूक नसून सुरक्षितता आहे.

जे मीटरला दिसत नाही

केबल मधेच गरम होत असेल तर उष्णता तिच्या लांबीवर वाटली जाते आणि फारशी जाणवत नाही. पण रोध प्लगच्या टोकाशी साचला असेल, म्हणजे पिना झिजल्या असतील, घाम किंवा ओल लागली असेल, तर सगळी उष्णता नखाएवढ्या जागेत निघते. प्लास्टिक पिवळे पडते, वितळते, बोटाला चटका बसतो. मीटरवर नजर ठेवून प्लग हलकेच हलवला आणि प्रवाहाचा आकडा खालीवर नाचू लागला, तर सांधा सैल आहे. कित्येकदा फोनच्या सॉकेटमध्ये खिशातला कापूस आणि धूळ दडपून बसलेली असते. फोन बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने ती हळूच काढली की आकडा स्थिर होतो. सुई किंवा टाचणी घालू नये. साफ करूनही प्लग गरम लागत असेल तर ती केबल टाकून द्यावी आणि तोवर उशीखाली किंवा गादीवर फोन चार्ज करू नये.

मीटरच्या काही मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात. मीटर स्वतःही थोडा दाब खातो आणि स्वस्त मीटरच्या आकड्यात थोडी चूक असतेच; त्यामुळे घट ०.०३ व्होल्ट की ०.०५, यावरून भांडू नये. घट अर्धा व्होल्ट असेल तर मात्र शंकेला जागा नाही. मीटर किती व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर सोसतो, ते त्याच्या पाठीवर वाचूनच मोठ्या चार्जरला लावावा. काही कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत त्यांच्याच चार्जर आणि केबलपुरती असते. मध्ये मीटर आला की ती बंद पडून चार्जिंग साध्या वेगावर येते. अशा वेळी मीटर काढल्यावर फोनवर जलद चार्जिंगची खूण परत आली, तर दोष मोजणीचा आहे, केबलचा नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मीटरवर ५.१२ व्होल्ट नीट दिसले, म्हणून चार्जर सुरक्षित ठरत नाही. भिंतीतल्या २३० व्होल्टपासून हाताला वाचवणारे चार्जरच्या आतले विलगीकरण किती पक्के आहे, हे मीटरला कळण्याची सोयच नाही. त्यासाठी चार्जरवर बीआयएसची खूण आणि R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो क्रमांक खरा आहे का, हे बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येते.

मावशीच्या घरी ती बाजारातली केबल अजून आहे. तिच्या प्लगजवळ भाच्याने लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे. शेजारणीने उसनी मागितली तर मावशी आधी विचारते, "रातभर लावायची असेल तर ने. सकाळी घाईत हवा असेल, तर ही नको."